‘डू द नीडफुल’ऐवजी काय लिहायचं: ऑफिसात नव्यानं लागलेल्यांसाठी

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला जुन्या मेलची एक फाइल वाचायला दिली होती. हेतू हा की मेल कसा लिहायचा ते कळावं. त्यातल्या जवळपास प्रत्येक मेलच्या शेवटी तीच दोन वाक्यं होती, ‘प्लीज डू द नीडफुल’ आणि ‘काइंडली रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लीएस्ट’. मी ती उचलली. वाटलं, ऑफिसची भाषा अशीच असते.

त्या वाक्यांचा हिशेब मला लवकरच कळला. हिंगण्याच्या एका पुरवठादाराकडून 27 जूनचं बिल आलं होतं. माल 1,56,000 रुपयांचा, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 28,080, एकूण 1,84,080. आमच्या कंपनीचं एक युनिट छिंदवाड्याकडे होतं, म्हणजे मध्य प्रदेशात, आणि त्याचा जीएसटी नंबर वेगळा होता, 23 नं सुरू होणारा. बुटीबोरीचा अर्थातच महाराष्ट्राचा, 27 नं सुरू होणारा. माल आला बुटीबोरीला आणि बिलावर नंबर पडला छिंदवाड्याचा. नंबर दुसऱ्या राज्याचा असल्यामुळे पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरनं राज्यातल्या राज्यात लागणाऱ्या सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा आयजीएसटी लावला.

3 जुलैला मी मेल केला. तो अजून आठवतो:

“सर, आपल्या बिलात तफावत आढळली आहे. कृपया बिल तपासून डू द नीडफुल. काइंडली रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लीएस्ट.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘नोटेड मॅडम’. सोबत त्याच बिलाची नवी प्रत जोडलेली होती, या वेळी सही-शिक्क्यासह. पहिल्या प्रतीवर शिक्का पुसट उमटला होता, तेवढीच तफावत त्या भल्या माणसाला सापडली. मी अटॅचमेंट उघडूनही पाहिली नाही. उत्तर आलं म्हणजे काम झालं, असं मानलं. त्यानं 11 तारखेला त्याचं जीएसटीआर-1, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं रिटर्न, भरलं. 14 तारखेला आमचं जीएसटीआर-2बी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराचं जे क्रेडिट आम्हाला मिळणार त्याचं विवरण, निघालं, त्यात ते बिल नव्हतं. ते गेलं होतं छिंदवाड्याच्या खात्यात. 20 तारखेला रिटर्न भरताना त्या 28,080 रुपयांचं क्रेडिट मिळालं नाही आणि तेवढी रक्कम कंपनीला रोखीनं भरावी लागली. दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये झाली.

आमच्या अकाउंट्सच्या काकांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, “तू फोन केला असता तर काय बोलली असती? बोलून दाखव.” मी बोलले:

“भाऊ, तुम्ही बिल छिंदवाड्याच्या नंबरवर बनवलं, माल तर बुटीबोरीले आला. हे बिल कॅन्सल करा न् आमच्या बुटीबोरीच्या नंबरवर नवीन द्या. अकरा तारखेच्या आत पाहिजे, नाही तर आमचं क्रेडिट अडकते.”

“मग हे का नाही लिहिलं?”

या लेखात जे काही सांगते आहे ते त्या प्रश्नातूनच निघालेलं आहे. तोंडानं बोलताना आपण नागपूरकर कधी ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ म्हणत नाही. काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत करायचं हे सरळ सांगतो. कीबोर्डवर हात ठेवला की ते तिन्ही गळून जातं. ते परत कसं आणायचं, ते एकेक करून पाहू.

पहिली पायरी: ‘नीडफुल’च्या जागी क्रियापद

‘नीडफुल’ म्हणजे जे गरजेचं असेल ते. काय गरजेचं आहे ते लिहिणाऱ्याला माहीत असतं, आणि वाचणाऱ्यानं ते ओळखायचं असतं. म्हणून मेल लिहायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा की, समोरचा माणूस हा मेल वाचून झाल्यावर हातानं नेमकं काय करेल? बिल रद्द करेल, फॉर्मवर सही करेल, पासवर्ड बदलून देईल, गेटवर गाडी सोडायला सांगेल. जे उत्तर येईल तेच क्रियापद मेलमध्ये लिहायचं.

इथे नवीन माणूस हमखास एका जागी अडकतो. ‘तपासा’, ‘पाहा’, ‘लक्ष घाला’ हीसुद्धा क्रियापदंच आहेत, पण ती नीडफुलचीच भावंडं. माझ्या मेलमध्ये ‘बिल तपासून’ होतं की! त्यानं तपासलंही. तपासून झाल्यावर काय व्हायला हवं, ते मी लिहिलं नव्हतं. म्हणून क्रियापद असं हवं की काम झालं की नाही ते बाहेरून दिसेल. ‘बिल रद्द करा’ म्हटलं तर रद्द केलेलं बिल दिसतं. ‘तपासा’ म्हटलं तर काहीच दिसत नाही, समोरचा फक्त ‘तपासलं’ म्हणतो.

कधी कधी असंही होतं की स्वतःला प्रश्न विचारला आणि उत्तरच सापडत नाही. काय करायला हवं ते आपल्यालाच ठाऊक नसतं, आणि नीडफुल हा शब्द तेव्हा फार सोयीचा वाटतो. अशा वेळी न कळणं तसंच लिहावं. ‘या बिलात आयजीएसटी लागला आहे. आमच्या मते सीजीएसटी-एसजीएसटी हवा होता. तुमच्या बाजूनं हे कसं दुरुस्त होईल, ते कळवाल का?’ यात विचारणाऱ्याचा कमीपणा नाही. समोरच्याला कळतं की आपल्याकडून आधी उत्तर हवं आहे, दुरुस्ती नंतर. नीडफुल लिहिलं असतं तर त्यानं अंदाजानं काही तरी केलं असतं, आणि ते निस्तरायला दुप्पट मेल लागले असते.

दुसरी पायरी: एकच माणूस

‘टू’मध्ये चार नावं आणि खाली ‘ऑल कन्सर्न्ड टू डू द नीडफुल’ असा मेल आला की चौघंही दुसऱ्यानं केलं असेल असं समजतात. यात आळस नसतो. कामाला धनीच नेमलेला नसतो.

मी स्वतःला नियम घालून घेतला आहे. ज्याच्या हातून काम व्हायचं तो एकटा ‘टू’मध्ये, ज्यांना फक्त कळायला हवं ते ‘सीसी’मध्ये. एका मेलमध्ये दोघांची दोन कामं असतील तर प्रत्येकाचं नाव घेऊन वेगळी ओळ: ‘राऊत सर, गाडी क्रमांक गेटवर द्याल. ताई, तुम्ही पावती काढून ठेवाल.’ एवढं केलं तरी बरंच सुटतं.

मराठीत मेल लिहिणाऱ्यांना इथे एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. आपल्या ऑफिसच्या मराठीत कर्त्याला नाहीसं करण्याची फार सोय आहे. ‘करण्यात यावी’, ‘पाठविण्यात यावे’, ‘घेण्यात येईल’, ‘कळविण्यात आले आहे’. कोण करणार, कोणी कळवलं, हे वाक्यात कुठेच नसतं, तरी वाक्य व्याकरणानं शुद्ध आणि ऐकायला भारदस्त वाटतं. ‘सदर बाबतीत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ हे ‘डू द नीडफुल’चं मराठी रूपच आहे. म्हणजे इंग्रजी टाळून मराठीत लिहिलं तेवढ्यानं भागत नाही.

आपल्या शहरात तर या वाक्याचे तीन अवतार पाहायला मिळतात. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. तेव्हाच्या सरकारी कागदात इंग्रजीसोबत हिंदी आणि मराठी दोन्ही चालत. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला, पण टेबलावरच्या सवयी इतक्या लवकर जात नाहीत. आजही इथल्या एखाद्या केंद्रीय कार्यालयातून ‘आवश्यक कार्रवाई हेतु’ येतं, राज्याच्या कार्यालयातून ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ आणि खासगी कंपनीतून ‘फॉर नीडफुल अ‍ॅक्शन’. तिन्ही कागदांत करायचं काय, ते वाचणाऱ्यानंच शोधायचं. मूळ इंग्रजी वाक्य एके काळी इंग्लंडातही सर्रास वापरलं जाई. तिकडे ते मागे पडलं, आपल्याकडे राहिलं.

कर्ता परत आणण्याची युक्ती सोपी आहे. ‘यावे’, ‘येईल’, ‘आले आहे’ अशा शेवटाचं वाक्य दिसलं की त्याला ‘कोणी?’ असा प्रश्न विचारा आणि उत्तरापासून वाक्य पुन्हा सुरू करा. ‘बिल दुरुस्त करून पाठविण्यात यावे’ याचं होतं ‘तुम्ही दुरुस्त बिल पाठवा’. ‘पेमेंट करण्यात येईल’ याचं होतं ‘आम्ही पेमेंट करू’. दुसरं वाक्य लिहिताना बोट किंचित थबकतं, कारण आता जबाबदारी आपल्या नावावर आली. तेच तर हवं असतं.

तिसरी पायरी: तारीख आणि तिचं कारण

‘अ‍ॅट द अर्लीएस्ट’, ‘लवकरात लवकर’, ‘तातडीने’. यातल्या कोणत्याही शब्दाला कॅलेंडरवर जागा नाही. माझ्या पुरवठादारानं दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं, म्हणजे त्यानं लवकरच केलं. पण खरी कड 11 तारखेची होती आणि ती त्याला माहीत नव्हती.

सरकारी कामातसुद्धा ‘तातडी’ मोजावीच लागली. महाराष्ट्रात बदल्या आणि विलंब-प्रतिबंधाचा जो 2005 चा कायदा आहे, त्यात साधी फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहू नये आणि तातडीची शक्यतो 4 दिवसांत निघावी असं दिवसांतच लिहिलं आहे. नुसतं ‘तातडीनं करा’ म्हणून कायद्याला धरता येत नाही, मग आपल्या मेलला कसं धरता येईल?

तारीख लिहिताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, आपली खरी कड आणि आपण मागितलेली तारीख यांत दोन-तीन दिवसांची जागा ठेवायची. कड 11 ची असेल तर 8 मागायची, म्हणजे चूक झालीच तर पुन्हा एकदा दुरुस्तीला वेळ राहतो. दोन, कारण एका वाक्यात द्यायचं. ‘8 जुलैपर्यंत’ एवढंच लिहिलं तर तो हुकूम वाटतो, आणि समोरच्याकडे अशा दहा तारखा असतात. ‘11 तारखेला तुमचं रिटर्न जाईल, त्याआधी बिल बदलायला हवं’ म्हटलं की त्याला कळतं की ही तारीख ओढून-ताणून ठेवलेली नाही. शिवाय त्याचाच फायदा आहे, नाही तर पुढच्या महिन्यात दुरुस्तीचं काम त्यालाच करावं लागेल.

‘ईओडी’ म्हणजे दिवस संपेपर्यंत, हा शब्द हल्ली फार चालतो. कोणाचा दिवस? आमच्या कारखान्यात सामान्य पाळी साडेपाचला सुटते, पुरवठादाराचं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं, आणि मिहानच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधल्या पोरांचा ग्राहक अमेरिकेत, त्याचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो. ‘आज संध्याकाळी 5 पर्यंत’ लिहायला दोन-तीन शब्द जास्त लागतात, तेवढेच.

चौथी पायरी: ‘रिव्हर्ट’च्या जागी प्रश्न

‘रिव्हर्ट’ या शब्दाचा मूळ इंग्रजी अर्थ परत जाणं, पूर्वस्थितीला येणं. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर देणं असा झाला आहे, आणि आपसात तो सगळ्यांना कळतो. म्हणून तो चुकीचा आहे असा वाद घालण्यात मी वेळ घालवणार नाही. बाहेरच्या माणसाला लिहिताना मात्र तो खरोखर घात करू शकतो.

माझा भाचा मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांच्या कामात `revert` ही थेट आज्ञाच आहे:

```
git revert a1b2c3d
```

ही ओळ चालवली की कोडमधला तो आधीचा बदल उलटवणारा एक नवा बदल तयार होतो. भाच्याच्या टीममधल्या एका मुलानं परदेशातल्या सहकाऱ्याला लिहिलं की शेवटचा बदल बघून ‘काइंडली रिव्हर्ट’. सकाळी ऑफिसला आले तर दोन दिवसांचं काम उलटवलेलं. सहकाऱ्यानं सांगितलं तेच केलं होतं. बदल तसाच्या तसा परत आणता आला, कारण उलटवलेलंही पुन्हा उलटवता येतं, पण तोवर सकाळ गेली. ‘प्लीज रिप्लाय’ एवढं म्हटलं असतं तर काही झालं नसतं.

तरी ‘रिव्हर्ट’ काढून ‘रिप्लाय’ किंवा ‘उत्तर द्यावे’ लिहिलं की काम संपलं, असं नाही. कशाचं उत्तर? ‘नोटेड’ हेही उत्तरच आहे, मला तेच आलं होतं. उत्तर कोणत्या रूपात हवं ते प्रश्नातच ठरवून द्या. हो-नाहीचा प्रश्न असेल तर तसा विचारा: ‘8 तारखेपर्यंत नवं बिल मिळेल का?’ वस्तू हवी असेल तर वस्तू मागा: ‘नवं बिल पीडीएफमध्ये याच मेलला जोडून पाठवा.’ निवड हवी असेल तर पर्याय द्या: ‘माल सोमवारी हवा की बुधवारी?’ असा प्रश्न असला की समोरच्याला ‘नोटेड’ लिहिताच येत नाही, ते विचित्र दिसतं.

मेलमध्ये असे प्रश्न दोनच्या वर गेले तर माझा अनुभव असा की पहिल्याचं उत्तर येतं, बाकी राहून जातात. तिसरा प्रश्न खरंच गरजेचा असेल तर फोन करावा.

तोच मेल, पुन्हा लिहिलेला

आता 3 जुलैचा मेल या चार पायऱ्यांनी लिहून पाहू. विषयाच्या ओळीपासून सुरू करू, कारण पुष्कळ लोक मोबाइलवर तेवढंच वाचतात. आधी विषय होता ‘बिलाबाबत’. आता:

“बिल 412 रद्द करून बुटीबोरीच्या जीएसटी नंबरवर नवं बिल हवं, 8 जुलैपर्यंत”

आणि मजकूर:

“नमस्कार सर,

तुमचं 27 जूनचं बिल क्रमांक 412 (रु. 1,84,080) आमच्या छिंदवाडा युनिटच्या जीएसटी नंबरवर निघालं आहे. माल बुटीबोरीला आला आहे.

कृपया हे बिल रद्द करून बुटीबोरीच्या नंबरवर नवं बिल करा. नंबर परचेस ऑर्डरवर सगळ्यात वर आहे, ऑर्डर सोबत जोडली आहे. नव्या बिलात आयजीएसटी येणार नाही, 9 टक्के सीजीएसटी आणि 9 टक्के एसजीएसटी येईल. एकूण रक्कम तीच राहील.

नवं बिल 8 जुलैपर्यंत याच मेलवर पीडीएफमध्ये पाठवा. 11 तारखेला तुमचं रिटर्न गेल्यावर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाते. 8 पर्यंत जमणार नसेल तर आज मला फोन कराल का?”

मूळ मेलपेक्षा हा बराच लांब आहे आणि ते मुद्दाम दाखवते आहे. सोपं लिहिणं म्हणजे कमी लिहिणं, असा एक समज नव्या मुलांमध्ये असतो. इथे वाचायला अर्धा मिनिट जास्त लागेल, पण समोरच्याला काहीही शोधावं लागणार नाही. जीएसटी नंबर मी मेलमध्ये पुन्हा टाइप केला नाही, कारण तो 15 अक्षरांचा असतो आणि टाइप करताना माझ्याच हातून चूक झाली तर तीच पुढे जाईल. ज्या कागदावर तो बरोबर छापलेला आहे तो जोडला. ‘एकूण रक्कम तीच राहील’ हे वाक्य अकाउंट्सच्या काकांनी घालायला सांगितलं. बिल बदला म्हटलं की पुरवठादाराच्या मनात पहिली शंका पैसे कापण्याची येते, आणि ती गेली नाही तर तो काम बाजूला ठेवतो.

मेल पाठवायच्या आधी एक तपासणी करा. शेजारच्या टेबलावरच्या, या व्यवहाराशी संबंध नसलेल्या माणसाला तो वाचायला द्या आणि विचारा, “कोणी, काय, कधीपर्यंत करायचं आहे?” त्यानं तिन्ही उत्तरं मेलमधून काढली तर पाठवा. त्यानं तुमच्याकडे पाहून ‘म्हणजे बहुतेक...’ अशी सुरुवात केली तर जिथे अडला ती ओळ बदला. सुरुवातीचे पंधरा-वीस मेल असे तपासले की मग मनातल्या मनात करता येतं.

पण हे उद्धट नाही का वाटत?

मी ज्या-ज्या नव्या मुलामुलींना हे सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी हा प्रश्न विचारला. आपल्यापेक्षा मोठ्याला ‘बिल रद्द करा’ असं कसं लिहायचं? ‘नीडफुल’मध्ये निदान आडपडदा तरी राहतो.

अदब ठेवायला मराठीत क्रियापदातच जागा आहे, त्यासाठी अर्थ पुसट करायची गरज नाही. ‘पाठवा’, ‘पाठवाल’, ‘पाठवाल का’, ‘पाठवू शकाल का’ या चारही वाक्यांत काम एकच आहे, मान मात्र वाढत जातो. रोजच्या पुरवठादाराला ‘पाठवा’ चालतं. दुसऱ्या विभागातल्या बरोबरीच्या माणसाला ‘पाठवाल का’. आपल्या साहेबांना मी लिहिते, ‘सर, या दोन कोटेशनपैकी एकावर 5 तारखेपर्यंत सही मिळेल का?’ यात नम्रपणा आहे, काम आहे, तारीखही आहे. ‘कृपया’ मेलमध्ये एकदा आला की पुरे. प्रत्येक ओळीत आला की आर्जव वाटतं आणि कशाला महत्त्व आहे तेही कळत नाही.

इंग्रजीत लिहायचं असेल तरी हाच हिशेब. ‘काइंडली’पेक्षा ‘प्लीज’ साधा आणि सगळीकडे चालणारा. ‘कुड यू सेंड’ हा आपल्या ‘पाठवाल का’च्या जवळ जाणारा. ‘सेंड द सेम’मधला ‘सेम’ म्हणजे मराठीतलं ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’. त्या जागी वस्तूचं नाव लिहा, बिल, चलन, यादी, जे असेल ते.

जिथे जुनं वाक्य राहू द्यायचं

सगळीकडे हे चालत नाही, तेही सांगायला हवं. सरकारी कार्यालयात लागलेल्या माझ्या एका मैत्रिणीनं हे वाचून सांगितलं की तिच्याकडे आलेला तक्रार अर्ज ती दुसऱ्या विभागाला पाठवते, तेव्हा त्या विभागानं काय करावं हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. तिनं ‘नळजोडणी दुरुस्त करा’ असं लिहिलं तर ती आपल्या अधिकाराबाहेर गेली. इथे ‘योग्य ती कार्यवाही’ याला खरा अर्थ आहे की निर्णय तुमचा. तसंच कायदेशीर नोटीस, निविदा, करार यांत ठरलेली भाषा नव्या माणसानं स्वतःच्या मनानं बदलू नये.

मैत्रिणीनं त्यातून वाट काढली ती मला फार आवडली. ठरलेलं वाक्य ती तसंच ठेवते आणि खाली एक ओळ जोडते: ‘आपण घेतलेला निर्णय अर्जदारास व या कार्यालयास अमुक तारखेपर्यंत कळवावा.’ काय करायचं ते विभाग ठरवेल, पण निर्णय कुणाला आणि कधीपर्यंत कळवायचा ते आता कागदावर आहे.

उत्तर आलंच नाही तर

‘जेंटल रिमाइंडर’ या शब्दांनी सुरू होणारा आणि खाली जुना मेल लटकवलेला मेल पाठवू नका. ज्यानं पहिला वाचला नाही तो खाली स्क्रोल करूनही वाचणार नाही. आठवणीच्या मेलमध्ये मागणी पुन्हा पूर्ण लिहायची आणि आता किती वेळ उरला आहे ते वर टाकायचं: ‘सर, बिल 412 च्या जागी बुटीबोरीच्या नंबरचं नवं बिल अजून मिळालेलं नाही. रिटर्नला तीन दिवस राहिले आहेत. उद्या दुपारी 12 पर्यंत पाठवाल का?’

उत्तर आलं तर अटॅचमेंट उघडा. नंबरची पहिली दोन अक्षरं पाहा, 27 आहेत ना. आणि दुसऱ्या दिवशी बाराला काहीच आलेलं नसेल तर मेल बंद करून फोन उचला आणि म्हणा, “भाऊ, तुम्ही बिल छिंदवाड्याच्या नंबरवर बनवलं, माल तर बुटीबोरीले आला...”